दिवाळी अंकाची किंमत कशी ठरवावी : वाचक आणि जाहिरातदार यांचा जोडहिशेब

दिवाळी अंकाला गिऱ्हाइकं दोन असतात. एक अंक विकत घेऊन वाचतो, दुसरा त्याच अंकातली पानं विकत घेतो. दुसऱ्याला पानं हवी असतात ती पहिल्यासाठी, म्हणून वाचकाला स्वस्तात अंक द्यायचा आणि त्यातली तूट जाहिरातदाराकडून भरून काढायची, ही वाट फार जुनी आहे. पॅरिसमध्ये १८३६ साली एमिल द जिरार्दँने 'ला प्रेस' हे दैनिक काढलं. इतर दैनिकांची वर्षाची वर्गणी ८० फ्रँक होती, त्याने ती ४० फ्रँक ठेवली आणि उरलेलं ओझं जाहिरातींवर टाकलं. मराठीत 'मासिक मनोरंजन'ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आजपर्यंतच्या अंकांत जाहिरातींची पानं ठरलेलीच आहेत.

मात्र 'किंमत कमी ठेवा, खप वाढेल, खप वाढला की जाहिराती येतील' हे वाक्य सगळ्या अंकांना लागू पडत नाही. कुणाला ते फायद्याचं ठरतं, तर कुणी त्यापायी दरवर्षी लाख-दोन लाख घालवतो आणि दोष वाचकांना देतो. आपला अंक यांतल्या कोणत्या बाजूला आहे, हे छपाईची ऑर्डर देण्याआधी कागदावर काढता येतं. त्याची कृती पुढे दिली आहे. त्यातले रुपये एका काल्पनिक पण नेहमीच्या आकाराच्या अंकाचे आहेत. आपले आकडे त्याजागी घालावेत.

आधी एक परीक्षा

अर्थशास्त्रात 'दोन बाजूंचा बाजार' म्हणतात तो प्रत्येक मध्यस्थाचा धंदा नसतो. झाँ-शार्ल रोशे आणि झाँ तिरोल यांनी यासाठी एक कसोटी मांडली. दोन्ही बाजूंकडून मिळून घ्यायची रक्कम तीच ठेवायची आणि फक्त तिची वाटणी बदलायची. तेवढ्याने एकूण व्यवहार कमी-जास्त होत असतील, तर तो दोन बाजूंचा बाजार.

फ्लॅटच्या दलालाचं पाहा. दलाली विकणाऱ्याकडून घेतली काय किंवा विकत घेणाऱ्याकडून घेतली काय, ते दोघे फ्लॅटच्या किमतीत ती आपसात वळती करून घेतात. तिथे वाटणीला फारसा अर्थ नाही. दिवाळी अंकात तशी सोय नाही. तुमची जाहिरात पाहिली म्हणून पन्नास रुपये परत द्या, असं वाचक सराफाला सांगू शकत नाही आणि सराफही वाचकाच्या हातावर पैसे ठेवू शकत नाही. दोघांच्या मध्ये फक्त प्रकाशक असतो, म्हणून कुणाकडून किती घ्यायचं हे त्यालाच ठरवावं लागतं.

पहिली पायरी : खर्चाचे दोन ढीग

एकूण खर्चाला प्रतींनी भागून 'एक प्रत अमुक रुपयांना पडते' असं सांगण्याची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. किंमत ठरवताना ती सोडून द्यावी. खर्चाचे दोन ढीग करावेत.

पहिल्या ढिगात एकही प्रत छापली नाही तरी होणारा खर्च येतो: लेखकांचं मानधन, चित्रकाराचे पैसे, मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, प्लेट्स, यंत्र लावण्याचा खर्च, कार्यालय. आपल्या उदाहरणात हा ढीग ६,००,००० रुपयांचा धरू. अंकाची किंमत २०० ठेवा किंवा ४०० ठेवा, तो तेवढाच राहतो. म्हणून किमतीच्या निर्णयात तो मधे आणायचा नाही, शेवटी वजा करायचा.

दुसऱ्या ढिगात प्रत्येक जादा प्रतीमागे वाढणारा खर्च: कागद, छपाई, बाइंडिंग, वाहतूक. २०८ पानांचा, म्हणजे सोळा पानी तेरा फॉर्मचा अंक असेल, तर कागद-छपाई-बाइंडिंगचे ११० आणि वाहतुकीचे १०, असे एका प्रतीला १२० रुपये धरू.

इथे एक चूक हमखास होते. १२० हा छापलेल्या प्रतीचा खर्च आहे, विकल्या गेलेल्या प्रतीचा नव्हे. स्टॉलवरून अंक परत येतात. शंभर छापले आणि ऐंशी विकले गेले, तर ऐंशी प्रतींना शंभर प्रतींचा खर्च उचलावा लागतो. १२० भागिले ०.८० म्हणजे १५०. विकल्या गेलेल्या प्रतीचा चालू खर्च दीडशे रुपये झाला. वापसी ३० टक्क्यांवर गेली तर तोच खर्च १७१ होतो. वापसीचा खरा आकडा फेब्रुवारीच्या आत कळत नाही. म्हणून गेल्या तीन वर्षांची सरासरी घ्यावी, वितरकाने तोंडी सांगितलेला अंदाज घेऊ नये.

दुसरी पायरी : वाचकाकडून खरोखर हाती काय येतं

छापील किंमत ३०० आणि वितरक-विक्रेत्यांचं मिळून कमिशन ३५ टक्के असेल, तर प्रकाशकाच्या हाती १९५ येतात. त्यातून १५० गेले की एका प्रतीमागे ४५ रुपये उरतात. किंमत २०० केली तर हाती १३० येतात आणि प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे २० रुपयांचं नुकसान होतं. वाचकाला शंभर रुपये स्वस्त पडलं, प्रकाशकाचे ६५ गेले.

उरलेले ३५ कुणाचे गेले, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. ते विक्रेत्याचे आणि वितरकाचे गेले. तीनशेच्या अंकामागे त्यांना मिळून १०५ रुपये सुटत होते, दोनशेच्या अंकामागे ७० सुटतात. स्टॉलवर जागा मोजकी असते आणि कोणता अंक समोर उभा करायचा, कोणता गठ्ठ्यात आडवा ठेवायचा, हे विक्रेता ठरवतो. किंमत उतरवूनही खप अपेक्षेइतका वाढला नाही, तर वाचकाला बोल लावण्याआधी चार स्टॉलवर जाऊन आपला अंक कुठे ठेवलाय ते पाहावं. तो आडवा पडलेला दिसला तर कारण बहुधा कमिशनमध्येच असतं.

तिसरी पायरी : जाहिराती वेगळ्या करणं

संपूर्ण निर्णय या पायरीवर अवलंबून आहे, म्हणून इथे घाई करू नये. गेल्या वर्षीचा अंक समोर ठेवून एकेका जाहिरातीपुढे उत्तर लिहायचं: आपल्या प्रती निम्म्या झाल्या असत्या, तर ही जाहिरात याच दराने आली असती का?

मराठी दिवाळी अंकांत बहुतेक जाहिरातींचं प्रामाणिक उत्तर 'आली असती' असं निघतं. सहकारी बँक, साखर कारखाना, बांधकाम व्यावसायिक, स्थानिक पुढारी, संपादकांचे जुने स्नेही हे नात्यापोटी, परंपरेपोटी किंवा साहित्याला हातभार म्हणून पान घेतात. त्यात वाईट काहीच नाही, अनेक चांगले अंक याच पैशांवर उभे आहेत. पण हा पैसा वाचकांच्या संख्येबरोबर हलत नाही. त्याला आपण स्नेहाची जाहिरात म्हणू. दुसरी पोहोचीची जाहिरात. आपली वस्तू किती लोकांपर्यंत जाते, हे मोजून ती दिली जाते.

कोणती जाहिरात कोणत्या प्रकारची, हे अंदाजाने ठरवायची गरज नसते. रिलीज ऑर्डर कुणी सही करून पाठवली ते पाहावं. एजन्सीकडून किंवा कंपनीच्या विपणन विभागाकडून आली असेल आणि सोबत खपाचा दाखला मागितला असेल, तर ती पोहोचीची. अध्यक्षांना भेटून मिळाली असेल तर स्नेहाची. मजकुरात संचालक मंडळाचे फोटो आणि 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' असतील तर स्नेहाची. वस्तूची किंमत, सवलतीचा कोड, स्कॅन करायचा चौकोन किंवा खास फोन नंबर असेल तर पोहोचीची. दर ठरवताना घासाघीस कशावर झाली, हेही आठवावं. पोहोचवाला 'किती प्रती, कोणते जिल्हे' विचारतो. स्नेहवाला 'गेल्या वर्षी किती दिले होते' एवढंच विचारतो.

आपल्या उदाहरणात जाहिरातींचे सगळे मिळून ६,००,००० रुपये येतात असं धरू. एजन्सीचं किंवा प्रतिनिधीचं कमिशन वजा जाता, जीएसटी सोडून आणि वसुली झालेले. बिलं जास्तीची असली तरी हिशेबाला हातात पडलेलेच घ्यायचे, कारण दिवाळीनंतर वसुलीचा पाठपुरावा मार्चपर्यंत चालतो आणि काही बिलं कधीच येत नाहीत. जाहिरात-जागेवर लागणारा ५ टक्के जीएसटी सरकारचा असतो, तो उत्पन्नात मिळवू नये. या सहा लाखांपैकी ४,२०,००० स्नेहाचे आणि १,८०,००० पोहोचीचे निघाले.

विकल्या गेलेल्या ३,००० प्रती असतील, तर पोहोचीच्या जाहिरातीचा वाटा एका वाचकामागे ६० रुपये होतो. आपल्याला हवा तो आकडा हा आहे. सहा लाखांना तीन हजारांनी भागून निघणारे २०० चुकीचे, कारण जादा वाचक आला तर त्याच्याबरोबर २०० येणार नाहीत, फार तर ६० येतील.

चौथी पायरी : किमती शेजारी-शेजारी मांडणं

आता तीन किमती घेऊ. आज ३०० आहे. कार्यकारी मंडळातला एक गट २०० करा म्हणतो. तिसरी शक्यता ३५० ची. खप किती होईल हे ताडून पाहावं लागतं, त्याची रीत पुढे येईल. तूर्त असं धरू की २०० ला ४,२०० प्रती आणि ३५० ला २,७०० प्रती जातील. वापसी तिन्हीकडे २० टक्केच.

किंमत ३०० असताना ३,००० प्रतींमागे ४५ प्रमाणे १,३५,००० उरतात. जाहिरातींचे ६,००,००० मिळवून पहिल्या ढिगाचे ६,००,००० वजा केले की शिल्लक १,३५,०००.

किंमत २०० केली तर ४,२०० प्रतींवर २० प्रमाणे ८४,००० चा तोटा. खप ४० टक्के वाढला म्हणून पोहोचीच्या जाहिराती पूर्ण ४० टक्के वाढल्या असं उदारपणे धरलं, तरी त्यांत ७२,००० ची भर पडते. स्नेहाच्या जाहिराती जागच्या जागी. अखेर १२,००० ची तूट. अंक चाळीस टक्के जास्त घरांत पोचला आणि शिल्लक मात्र १,४७,००० नी घसरली.

किंमत ३५० केली तर हाती २२७.५० येतात, प्रतीमागे ७७.५० उरतात आणि २,७०० प्रतींचे २,०९,२५० होतात. पोहोचीच्या जाहिराती दहा टक्क्यांनी, म्हणजे १८,००० नी कमी झाल्या असं धरू. शिल्लक १,९१,२५०. म्हणजे या अंकाने किंमत उतरवण्याऐवजी वाढवायला हवी, कारण त्याला पैसे देणारी बाजू वाचक मोजून पैसे देत नाही.

अंदाज किती चुकला तरी चालेल, तेही काढून ठेवावं. ३५० ला एका वाचकामागे ७७.५० अधिक ६० असे १३७.५० मिळतात. ३०० ला ४५ अधिक ६० म्हणजे १०५ मिळतात, आणि तीन हजार वाचकांचे ३,१५,००० होतात. या रकमेला १३७.५० ने भागलं की २,२९१ येतात. किंमत पन्नास रुपयांनी वाढवून सातशे वाचक गेले तरी पैशाचं नुकसान नाही. सातशे वाचक गमावणं मान्य आहे का, हा संपादकीय प्रश्न आहे. तो पैशाच्या प्रश्नात मिसळू नये. वाचक वाढावेत म्हणून तोटा सोसणं हा सन्मान्य निर्णय असू शकतो, फक्त 'जाहिरातीतून भरून निघेल' या समजुतीवर तो घेऊ नये.

मग २०० ची किंमत कधी शहाणपणाची? खालच्या किमतीमुळे विक्रीच्या बाजूला २,१९,००० चा फरक पडतो. जादा प्रती १,२००. म्हणजे प्रत्येक जादा वाचकामागे पोहोचीची जाहिरात निदान १८२.५० रुपये आणत असली पाहिजे. तीन हजार प्रतींवर ते ५,४७,५०० होतात. सहा लाखांपैकी साडेपाच लाख पोहोचीचे असतील, तरच ही उडी नुसती बरोबरीत सुटते. पाककृती, आरोग्य, ज्योतिष, गुंतवणूक यांवरचे अंक या बाजूला जाण्याची शक्यता जास्त, कारण मिक्सर, औषधं किंवा म्युच्युअल फंड विकणाऱ्याला नेमका तोच वाचक हवा असतो. कथा-कवितांचे वाङ्मयीन अंक सहसा दुसऱ्या बाजूला पडतात.

पाचवी पायरी : वाचक किमतीला किती हलतो

वर धरलेले ४,२०० आणि २,७०० कुठून आणायचे? वाचकांना 'किंमत कमी असती तर घेतला असता का' असं विचारून काही कळत नाही, सगळेच हो म्हणतात. भरलेले पैसे मोजावेत.

पूर्वनोंदणी याला उत्तम. गेल्या वर्षीच्या ग्राहकांची यादी आडनावाच्या अक्षराने किंवा जिल्ह्याने न वाटता, एकाआड एक अशी दोन भागांत वाटावी. एका भागाला २२० रुपयांचा आणि दुसऱ्याला २६० चा सवलत-संदेश एकाच दिवशी पाठवावा, मुदत दहा दिवसांची. प्रत्येक भागात निदान चारशे नावं असावीत. तीस-चाळीस नावांवर आलेला फरक योगायोगाचाही असू शकतो. एका भागात १०० आणि दुसऱ्यात ९० जणांनी पैसे भरले, तर किंमत १८ टक्के वाढूनही वाचक १० टक्केच घटले, असं धरून पुढे जाता येतं. मुदत संपली की ज्यांनी २६० भरले त्यांना ४० रुपये परत करावेत. यादीतले लोक एकमेकांना ओळखतात, दोन दरांची गोष्ट बाहेर येतेच, आणि ती मनस्तापाची होऊ नये.

एक मर्यादा इथे लक्षात ठेवावी. पूर्वनोंदणी करणारे आपले पक्के वाचक असतात. स्टॉलवर चाळून घेणारा त्यांच्यापेक्षा किमतीला जास्त हलतो. म्हणून स्टॉलच्या खपासाठी घट थोडी जास्त धरावी. मागे किंमत वाढवली असेल त्या वर्षाचे आकडेही काढून पाहावेत, पण त्या वर्षी पावसाने शेवटचा आठवडा गेला होता का, दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यावर आली होती का, हेही शेजारी लिहावं.

सहावी पायरी : सवलत द्यायचीच तर कुठे द्यावी

छापील किंमत उतरवली की सवलत सगळ्यांना मिळते: जो ३०० ला आनंदाने घेणार होता त्यालाही. त्यापेक्षा नेमकी सवलत स्वस्तात पडते.

पूर्वनोंदणीचा हिशेब पाहा. वाचकाने थेट २२० भरले. टपाल आणि पाकीट मिळून ४५ धरू. हाती १७५ राहतात. यात वितरकाचं कमिशन नाही, वापसी नाही, गठ्ठ्याची वाहतूकही नाही. म्हणून खर्च फक्त ११०. उरले ६५. वाचकाला अंक ८० रुपये स्वस्त मिळाला आणि प्रकाशकाला स्टॉलच्या प्रतीपेक्षा २० रुपये जास्त सुटले. आणखी एक गोष्ट हाती येते, ती म्हणजे नाव-पत्ता असलेली यादी. पोहोचीच्या जाहिरातदारासमोर 'तीन हजार प्रती' या शब्दांपेक्षा 'नाशिक शहरात इतके, ठाण्यात इतके' या तक्त्याला वजन असतं. फक्त वाचकांची नावं आणि फोन जाहिरातदाराला देऊ नयेत, जिल्हावार संख्या पुरे.

दुसरी जागा सार्वजनिक ग्रंथालयांची. महाराष्ट्रात अनेक वाचनालयं दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेतात आणि एकच प्रत हातोहात फिरते. मोफत प्रत पाठवायला ११० ची छपाई, १० ची ने-आण आणि ४५ चं टपाल, असे १६५ रुपये लागतात. तीनशे ग्रंथालयांना ४९,५००. किंमत २०० करून झालेल्या नुकसानीच्या तुलनेत ही रक्कम लहान आणि वाचक कितीतरी जास्त. ग्रंथालयं निवडताना 'अ' आणि 'ब' वर्गाची तालुका-जिल्ह्याची घ्यावीत, आणि जी आजवर विकत घेत होती ती शक्यतो वगळावीत, नाहीतर चालू विक्रीच फुकट वाटली जाते. प्रतीच्या आतल्या पानावर देव-घेवीची चिठ्ठी चिकटवावी आणि जानेवारीअखेर तिचा फोटो मागवावा. चिठ्ठीवरच्या तारखा मोजल्या की एक प्रत किती घरांत गेली हे कळतं, आणि हा पुरावा पुढच्या वर्षी दरपत्रकासोबत जोडता येतो.

हेच पैसे देणाऱ्या बाजूकडूनही थेट उभे करता येतात. तालुक्याच्या पतसंस्थेला शुभेच्छांच्या पानासोबत आपल्या तालुक्यातल्या पंचवीस ग्रंथालयांच्या प्रतींचं सौजन्य द्यावं: प्रतीला २०० रुपये, एकूण ५,०००, आणि प्रत्येक प्रतीवर 'यांच्या सौजन्याने' अशी पट्टी. खर्च ४,१२५. स्नेहाचा जो पैसा वाचकांच्या संख्येबरोबर हलत नव्हता, तो या एका व्यवहारात प्रतींना बांधला जातो. पतसंस्थेलाही आपलं नाव नेमकं कुठे पोचलं हे दाखवता येतं.

कोंबडी आधी की अंडं

दोन बाजूंच्या धंद्यात कोणती बाजू आधी आणायची हा पेच असतो. दिवाळी अंकात तो वेळेच्या रूपात येतो. जाहिरातींचं दरपत्रक ऑगस्टमध्ये जातं, करार सप्टेंबरात होतात आणि सगळे दर गेल्या वर्षीच्या खपावर ठरतात. किंमत या दिवाळीत उतरवली तर तोटा याच वर्षी होतो आणि जाहिरातीतली वाढ, आलीच तर, पुढच्या वर्षी येते. वरच्या हिशेबातले ७२,००० देखील पहिल्या वर्षी मिळणार नाहीत. किंमत उतरवायची ठरली असेल तर निदान दोन वर्षांची तूट सोसण्याइतकी गंगाजळी आधी बाजूला ठेवावी. ती नसेल तर पहिल्या वर्षानंतर घाबरून किंमत पुन्हा वाढवली जाते, वाचकाच्या लक्षात जुनी किंमत राहते, आणि दोन्हीकडून फटका बसतो.

हा पेच सोडवण्यासाठी काही जण खप फुगवून सांगतात. पाच हजार छापले असताना पंधरा हजार. त्याचं पुढे काय होतं ते ओळखीचं आहे: एजन्सी सगळ्याच मराठी अंकांचे आकडे तिसऱ्या हिश्श्याने धरू लागतात, आणि खरं सांगणाऱ्याचेही तसेच धरले जातात. त्यापेक्षा छापखान्याचं बिल, कागदाचं बिल आणि वितरकाचा वापसीचा तक्ता यांच्या प्रती दरपत्रकाला जोडाव्यात. आकडा लहान दिसेल, पण दर त्यावर टिकेल. शक्य असेल तर पोहोचीच्या जाहिरातदारासमोर अटीचा करार ठेवावा: विक्री ३,५०० च्या पुढे गेली, तर पुढच्या प्रत्येक शंभर प्रतींमागे ठरलेली जादा रक्कम, फेब्रुवारीत हिशेब दाखवून. जाहिरातदाराला जोखीम नाही आणि किंमत उतरवण्याचा फायदा प्रकाशकाला त्याच वर्षी मिळतो.

जाहिरातदाराच्या बाजूने होणारा बिघाड

वाचक जाहिरातदाराला हवा असतो, पण वाचकाला जाहिरात हवी असतेच असं नाही. म्हणून पैसे देणाऱ्या बाजूलाही मोकळं रान देता येत नाही. जाहिरातीची पानं मजकुराच्या फॉर्ममध्ये घुसली, कथा मधेच तोडून समोर बांधकामाचं रंगीत पान आलं, की वाचक तक्रार करत नाही, पुढच्या वर्षी अंकच घेत नाही. जाहिराती सुरुवातीच्या आणि शेवटच्या फॉर्ममध्ये एकत्र ठेवाव्यात. २०८ पानांच्या अंकात दोन फॉर्म म्हणजे बत्तीस पानं होतात आणि वाङ्मयीन अंकाला तेवढी पुरेत. मागणी त्याहून जास्त आली तर पानं वाढवू नयेत, दर वाढवावा. मुखपृष्ठाची आतली बाजू आणि मलपृष्ठ यांचे दर आधी वर न्यावेत, कारण तिथली जागा वाढत नाही.

याहून मोठा बिघाड म्हणजे पान घेणाऱ्याची मुलाखत मजकूर म्हणून छापणं. ती जाहिरात आहे असं न लिहिता छापली, तर अंकाचा तो भाग वाचक वगळू लागतो आणि शेजारच्या खऱ्या लेखांवरही संशय घेतो. हा परिणाम पैशांत उशिरा दिसतो, पण पूर्वनोंदणीच्या यादीत लवकर दिसतो. गेल्या वर्षी ज्यांनी नोंदवलं त्यांपैकी किती जणांनी यंदा पुन्हा नोंदवलं, हे प्रमाण दरवर्षी लिहून ठेवावं. किंमत बदललेली नसताना ते दोन वर्षं सलग घसरलं, तर आधी अनुक्रमणिका आणि जाहिरातींची जागा तपासावी. किमतीला मग हात लावावा.

फेब्रुवारीत वापसी मोजून झाली की एकाच पानावर सहा आकडे लिहावेत: छापलेल्या प्रती, विकलेल्या प्रती, विकलेल्या प्रतीचा चालू खर्च, स्नेहाच्या जाहिरातींची वसुली, पोहोचीच्या जाहिरातींची वसुली, आणि पुन्हा नोंदणी करणाऱ्यांचं प्रमाण. शेजारी दिवाळीची तारीख आणि त्या आठवड्यातला पाऊस. जुलैत किमतीची बैठक बसेल तेव्हा हे पान टेबलावर असावं.